गल्ला रिकामा, तरी नफा खरा

दुकानदारांमध्ये सध्या फिरत असलेला निरोप असा: "१) नफा झाला असेल तर गल्ल्यात दिसलाच पाहिजे. कागदावर नफा आणि हातात पैसा नाही, म्हणजे हिशोबनिसाने आकडे फिरवले. २) घरी नेलेले पैसे आणि कर्जाचा हप्ता खर्चात धरा, मगच खरा नफा कळतो. ३) ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की हिशोब बरोबर, पुढे बघायची गरज नाही."

मी दुकानांचे हिशोब लिहितो. हा निरोप वाचून चांगली माणसं आपल्या हिशोबनिसावर संशय घेतात आणि जिथे खरोखर संशय घ्यायला हवा तिथे निर्धास्त राहतात. म्हणून एकाच दुकानाचं एक वर्ष घेऊन तिन्ही मुद्दे तपासू. आकडे माझेच आहेत. ते सगळे हजारांत धरा.

वर्षाच्या पहिल्या दिवशी दुकानात रोख १५०, माल ३००, गिऱ्हाइकांकडून येणं ५० आणि फर्निचर १०० आहे. बेरीज ६००. हे ६०० आले कुठून? व्यापाऱ्यांचं देणं १४०, कर्ज ९० आणि उरलेले ३७० मालकाचे. झाला ताळेबंद. एका बाजूला दुकानात काय आहे आणि दुसऱ्या बाजूला ते कोणाच्या पैशाने आहे. मालकाचं भांडवल देण्याच्या बाजूला पाहून बरेच जण बिचकतात, पण हिशोबात दुकान वेगळं आणि मालक वेगळा. दुकान मालकाचंही देणं लागतं.

आता वर्षभराचा धंदा. विक्री १२००. विकलेल्या मालाची खरेदी किंमत काढायला सुरुवातीचा माल ३०० घ्या, त्यात वर्षाची खरेदी १०१० मिळवा आणि वर्षअखेरीस मोजलेला माल ४१० वजा करा: ९००. म्हणजे ढोबळ नफा ३००. त्यातून भाडं, पगार, वीज वगैरे १६०, कर्जाचं व्याज १० आणि फर्निचरचा घसारा १० गेला. निव्वळ नफा १२०.

आणि वर्षअखेरीस रोख शिल्लक किती? २०. गल्ला १५०वरून २०वर आला.

इथे मालक चिडतो, आणि त्याचं चिडणं मला कळतं. १२० कमावले आणि १३० कमी झाले! पण ताळेबंदाची प्रत्येक ओळ वर्षाच्या सुरुवातीच्या आकड्याशेजारी ठेवा. माल ३००चा ४१० झाला, म्हणजे ११० फळीवर जाऊन बसले. उधारी ५०ची ११० झाली. ते ६० विकून झाले, नफ्यात धरले गेले, पण गिऱ्हाइकाच्याच खिशात आहेत. कर्ज ९०चं ६० झालं, ३० तिकडे गेले. मालकाने घरखर्चाला ६० उचलले. एकूण २६०. दुसरीकडे नफ्याचे १२० आले, आणि घसाऱ्याचे १० खर्चात दाखवले असले तरी ते या वर्षी कोणाला दिलेले नाहीत, कारण फर्निचरचे पैसे आधीच देऊन झालेत. म्हणून हाती आले १३०. २६० गेले, १३० आले, गल्ला १३०ने उतरला. एक पैसाही हरवलेला नाही. हे उदाहरण सोपं राहावं म्हणून व्यापाऱ्यांचं देणं १४०वरच ठेवलंय. ते वाढलं असतं तर तेवढी रोख जास्त दिसली असती, आणि तो भरलेला गल्लाही फसवाच ठरला असता.

दुसरा मुद्दा वरच्याच आकड्यांतून सुटतो. वर्षभरात हप्त्यांपोटी ४० गेले, त्यांतले १० व्याजाचे आणि ३० मुद्दलाचे. व्याज हे पैसा वापरल्याचं भाडं, म्हणून तो खर्च. मुद्दल फेडलं तेव्हा रोख कमी झाली तसं देणंही तेवढंच कमी झालं, मालक गरीब झाला नाही. मालकाची उचलही तशीच. एकट्या मालकीच्या दुकानात ती भांडवलातून वजा होते. ३७० अधिक १२० वजा ६०, म्हणजे ४३०. या दोन्ही रकमा खर्चात घातल्या तर नफा ३० दिसेल, आणि धंदा बरा चालत असताना 'दुकानात काही राहिलं नाही' असं वाटून माणूस चुकीचा निर्णय घेईल. निरोपात एक खरी गोष्ट मात्र दडलेली आहे. या १२०मध्ये मालकाच्या स्वतःच्या कष्टाचा पगार धरलेला नाही. त्याच्या जागी माणूस ठेवायला ९० लागत असतील, तर दुकान म्हणून कमाई ३०च आहे. ही वजाबाकी बाजूला कागदावर जरूर करा. ती नफा-तोटा पत्रकात घुसडू नका.

तिसरा मुद्दा सगळ्यांत घातक. वर्षअखेरीचा ताळेबंद बघा: रोख २०, माल ४१०, येणं ११०, फर्निचर ९०, एकूण ६३०. समोर देणं १४०, कर्ज ६०, भांडवल ४३०, एकूण ६३०. चोख जुळला. आता समजा, त्या ४१०मधला ८०चा माल मुदत संपलेला आहे आणि कोणी फुकटही नेणार नाही. नियमाप्रमाणे मालाची किंमत खरेदीची किंवा विकून हाती पडेल ती, यांतली जी कमी असेल ती धरायची. इथे ती शून्य. माल ३३० झाला, नफा १२०चा ४०वर आला, भांडवल ३५०, दोन्ही बाजू ५५०. पुन्हा चोख जुळला! दोन्ही ताळेबंद जुळतात, आणि नफा एकात दुसऱ्याच्या तिप्पट. खरेदीचं एखादं उधारीचं बिल लिहायचं राहिलं आणि माल मात्र मोजणीत आला, तरी असंच होतं. नफा फुगतो, देणं कमी दिसतं आणि बेरीज बिनतक्रार जुळते. जुळणं म्हणजे फक्त प्रत्येक नोंद दोन्हीकडे सारखी पडली, एवढंच.

मग ओळखायचं कसं? दोन जागा बघा. पहिली, ढोबळ नफ्याचं विक्रीशी प्रमाण. इथे १२००वर ३००, म्हणजे २५ टक्के. विक्रीचे भाव वाढवले नाहीत, खरेदी स्वस्त पडली नाही, विकायच्या मालाचा प्रकारही तोच, आणि तरी हा आकडा उडी मारत असेल, तर शेवटच्या मालाची यादी परत मोजा. दुसरी, माल किती महिन्यांचा आहे. वर्षाला ९००चा माल खपतो, म्हणजे महिन्याला ७५. सुरुवातीचा ३०० चार महिन्यांचा होता, आताचा ४१० साडेपाच महिन्यांचा. वाढलेल्या दीड महिन्यात नवा, चालणारा माल आहे की पडून राहिलेला, हे कागद सांगणार नाही. ते फळीपाशी उभं राहून, वस्तू हातात घेऊन, तारीख वाचूनच कळतं.

आणि या दुकानाची खरी काळजी नफ्याच्या पत्रकात दिसतच नाही. सुरुवातीला रोख आणि येणं मिळून २०० होते, व्यापाऱ्यांचं देणं १४०. आता रोख आणि येणं मिळून १३०, देणं तेच १४०, शिवाय पुढचे हप्ते उभेच. सगळी उधारी वसूल झाली तरी १० कमीच पडतात. मी त्या मालकाला नफ्याबद्दल एक शब्द न बोलता आधी एवढंच सांगेन: उधारीची वही काढा, सगळ्यांत जुनं येणं वर येईल असं लावा, आणि पडून असलेल्या मालाची नवी खरेदी आजपासून थांबवा.