गॅस दाबताना कमी काम रिव्हर्सिबल मार्गालाच लागतं

"रिव्हर्सिबल म्हणजे काम नेहमी मॅक्झिमम. गॅस फुगू द्या नाहीतर दाबा, नियम एकच. म्हणून आयसोथर्मल कॉम्प्रेशनला रिव्हर्सिबल मार्गाने जास्त काम लागतं, इर्रिव्हर्सिबलने कमी. हा फरक पिस्टनच्या घर्षणामुळे पडतो. ΔU शून्य असल्यामुळे उष्णता मात्र दोन्हीकडे सारखीच."
(जळगाव-धुळ्याकडे बारावी आणि सीईटीच्या मुलांमध्ये फिरणारी टीप)

परीक्षा तोंडावर असताना मुलं असली टीप पाठ करून जातात आणि हातचे गुण घालवून येतात. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

१ मोल आदर्श वायू घेऊ. तापमान ३०० केल्विन, सुरुवातीचा दाब १ बार, शेवटचा ४ बार. PV = RT वरून आकारमान २४.९४ लिटरवरून ६.२४ लिटरवर येतं, म्हणजे १८.७१ लिटरने घटतं. इथे RT ची किंमत २४९४ जूल आहे, ती पुढे पुन्हापुन्हा लागेल.

रिव्हर्सिबल मार्गाने लागणारं काम RT ln(P₂/P₁). दाबांचं गुणोत्तर ४, त्याचा नैसर्गिक लॉग १.३८६, म्हणून काम ३४५८ जूल. आता तोच वायू बाहेरून एकदम ४ बार दाब लावून दाबू. काम म्हणजे ४ बार गुणिले १८.७१ लिटर. १ लिटर-बार म्हणजे १०० जूल, तेव्हा उत्तर ७४८३ जूल. इर्रिव्हर्सिबल मार्गाला काम दुपटीहून जास्त लागलं.

मग टीप लिहिणाऱ्याला कमी उत्तर कुठून मिळालं असेल? वह्या तपासताना जी चूक सतत दिसते, तीच इथेही असावी असं मला वाटतं: बाहेरचा दाब म्हणून सुरुवातीचा १ बार घेतला जातो. तसं केलं की १८७१ जूल येतात आणि ३४५८ पेक्षा कमी म्हणून टीप खरी वाटते. पण आत १ बार आणि बाहेरही १ बार असेल तर पिस्टन जागचा हलणारच नाही. वायूला ४ बारपर्यंत न्यायचं तर बाहेरचा दाब निदान ४ बार हवाच. गणितात १८७१ जूल आले, तर ते उलट दिशेच्या प्रवासाचं उत्तर आहे: वायू १ बारच्या विरुद्ध पुन्हा फुगताना एवढंच काम परत देतो. तिथे मात्र रिव्हर्सिबल मार्ग ३४५८ जूल देतो, आणि 'मॅक्झिमम' हा शब्द त्या प्रसरणापुरता बरोबर आहे. दोन्ही दिशांना चालणारा एकच नियम हवा असेल, तर तो चिन्हासकट लक्षात ठेवा. W = −P_ext ΔV या पद्धतीने रिव्हर्सिबल W दोन्हीकडे सर्वात लहान असतो. दाबताना +३४५८ हा +७४८३ पेक्षा लहान, फुगताना −३४५८ हा −१८७१ पेक्षा लहान.

घर्षणाचं म्हणणं जास्त घातक आहे, कारण ते ऐकायला पटतं. आपण वर घर्षण कुठेच धरलं नाही, तरी ४०२५ जूल जास्त लागले. ते कशात गेले हे पाहायला उभा सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी, पिस्टन वजनरहित, वरून हवेचा १ बार. सुरुवातीला पिस्टन तळापासून सुमारे २.४९ मीटर उंच आहे. आता गिरणेच्या वाळूची ३०६ किलोची, म्हणजे तीन क्विंटलहून थोडी जास्त वजनाची गोणी एकदम त्यावर ठेवा. तिचा दाब ३ बार, हवेचा धरून ४. पिस्टन १.८७ मीटर खाली येऊन स्थिरावतो. गोणीने दिलेलं काम ५६१२ जूल, हवेने दिलेलं १८७१, बेरीज तीच ७४८३.

४ बारची गरज फक्त शेवटच्या क्षणी होती. सुरुवातीला वायू जेमतेम १ बारने विरोध करत होता, तरी पूर्ण गोणी पहिल्यापासून खाली ढकलत होती. जास्तीच्या जोरामुळे पिस्टनला वेग येतो, तो शेवटची जागा ओलांडून खाली जातो, वर उसळतो आणि काही वेळ खालीवर होत राहतो. ही हालचाल वायूतल्या अंतर्गत श्यानतेमुळे शांत होते आणि तिची ऊर्जा उष्णता होऊन भिंतीतून बाहेर पडते. तीच वाळू दोन हप्त्यांत टाका: आधी २ बार होईल एवढी, पिस्टन थांबून तापमान ३०० वर आलं की उरलेली. प्रत्येक हप्त्याला २४९४ जूल, एकूण ४९८८. दाब दर वेळी सारख्या पटीने वाढवत चार हप्ते केले तर ४१३२, शंभर केले तर ३४८२. कण-कण टाकत गेलात, प्रत्येक कण पिस्टन त्या वेळी असेल त्याच उंचीवरून सरकवत, तर आकडा ३४५८ ला भिडतो, पण त्याखाली कधीच जात नाही.

उष्णतेबद्दलचं वाक्य लवकर निकालात निघतं. ΔU शून्य म्हणजे q = −W. काम वेगळं तर उष्णताही वेगळी: एकीकडे ३४५८ जूल बाहेर गेले, दुसरीकडे ७४८३. वायूची एन्ट्रॉपी दोन्हीकडे सारखीच, ११.५३ जूल प्रति केल्विनने घटते. पण बाहेरच्या परिसराची वाढ रिव्हर्सिबलमध्ये तेवढीच असते, तर इर्रिव्हर्सिबलमध्ये २४.९४. फरक १३.४२, त्याला ३०० ने गुणा: जास्तीचे ४०२५ जूल तंतोतंत मिळतात. स्वतःचं गणित तपासायला याहून चांगली खूण नाही. विश्वाची एन्ट्रॉपी उणे येत असेल, तर दाब चुकीचा घेतला आहे.

एक खरी शंका मुलं विचारतात: एकदम दाबल्यावर वायू तापेल, मग प्रक्रिया आयसोथर्मल कशी? वाटेत ती आयसोथर्मल नसतेच. फक्त सुरुवात आणि शेवट ३०० केल्विनला आहेत. वायू द्विअणू धरा आणि दाबताना उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असं माना, तर तापमान ५५७ केल्विनपर्यंत चढतं आणि तोवर ५३४५ जूल काम होतं. पुढे ४ बारखालीच वायू निवत ३०० वर येतो, आकसतो आणि आणखी २१३८ जूल घेतो. बेरीज पुन्हा ७४८३. बाहेरचा दाब सतत ४ बार आहे, म्हणून वाटेत वायू किती तापला याने कामात काही बदल होत नाही. खोलीचं तापमान बदललं तर मात्र दोन्ही कामं बदलतात. जळगावात मे महिन्यात ४५ अंश, म्हणजे ३१८ केल्विन असताना दोन्ही आकडे ६ टक्क्यांनी वाढतील, त्यांचं गुणोत्तर २.१६ च राहील.

हे २.१६ भुसावळ रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला लावू नका. तिथे पिस्टनवरचा दाब पहिल्यापासून ४ बार नसतो. पिस्टनचा वेग ध्वनीच्या वेगाच्या मानाने फार कमी असल्यामुळे तो दाब आतल्या हवेच्या दाबाबरोबरच चढत जातो. तिथलं जास्तीचं काम मुख्यतः हवा तापल्यामुळे लागतं. म्हणूनच सिलिंडरच्या बाहेर पत्र्यासारखे पंख असतात, आणि मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये हवा दोन टप्प्यांत दाबून मधे थंड करतात.