तुमच्या चित्रांवरची ती सावली आम्हीच पुसली होती

★☆☆☆☆
“रेंडरमध्ये भिंती शांत, पांढऱ्या-राखाडी आणि प्रत्येक चित्र वरपासून खालपर्यंत सारखं उजळलेलं. दालन तयार झालं तर प्रत्येक चित्राच्या वरच्या भागावर फ्रेमची काळी पट्टी पडते आहे. भिंती पिवळट दिसतात, रंगकाम पुन्हा करावं लागणार. छतावरचा दिव्यांचा ट्रॅक तुमच्याच रेंडरप्रमाणे बसवला होता. सुंदर चित्र दाखवून फसवलं.”

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय वाचल्यावर मी तुमच्या दालनाच्या रेंडरची, म्हणजे आम्ही संगणकावर बनवलेल्या चित्राची, मूळ फाइल स्वतः उघडून बघितली. फसवायचा हेतू नव्हता, पण पट्टीबद्दलची तुमची तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. खासगीत माफी मागून विषय मिटवता आला असता. पण तुम्ही जाहीर लिहिलं आहे, तर उत्तरही जाहीरच द्यावं असं वाटलं.

फाइलमध्ये ट्रॅक भिंतीपासून ६० सेंमीवर आहे, तुमच्या छताच्या नकाशात होता तसाच. त्याची उंची जमिनीपासून ३.६ मीटर. चित्रांचा मध्य डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे १.५ मीटरवर धरलेला, आणि मोठी चित्रं एक मीटर उंच, म्हणजे त्यांची वरची कड २ मीटरवर. इथवर सगळं बरोबर आहे. पण कॅमेऱ्याच्या मागे, रेंडरमध्ये न दिसणारा, मऊ प्रकाशाचा एक मोठा दिवा लावलेला मला सापडला. तो सगळ्या भिंतीवर समोरून प्रकाश टाकतो. पहिल्या चाचणी रेंडरमध्ये फ्रेमच्या वरच्या कडेखाली बारीक सावली दिसली होती आणि ती “साफ” करायला आमच्याकडे हा दिवा टाकला गेला. खरं तर त्या क्षणी तुम्हाला फोन करायला हवा होता. ती सावली म्हणजे तुमच्या दालनात पुढे काय होणार याची आगाऊ सूचना होती, आणि आम्ही ती पुसून टाकली.

दुसरी चूक त्याहून साधी आहे. आम्ही आमच्या संग्रहातली तयार फ्रेम वापरली, जिची कड चित्रापासून २ सेंमी पुढे येते. तुम्ही पाठवलेल्या यादीत खोल फ्रेम होत्या, ६ सेंमीच्या. याने किती फरक पडतो ते सांगते. दिवा भिंतीपासून ६० सेंमीवर आणि फ्रेमच्या कडेपेक्षा १.६ मीटर वर असेल, तर २ सेंमीच्या कडेची सावली चित्रावर साडेपाच सेंमी उतरते. तोच दिवा, तीच उंची, पण कड ६ सेंमीची असेल तर सावली जवळपास १८ सेंमी खाली येते. एक मीटरच्या चित्रावर १८ सेंमी काळोख! तुम्हाला दिसते ती पट्टी हीच.

उपाय ट्रॅकच्या जागेत आहे. चित्राच्या मध्यावर पडणारा प्रकाश उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करेल असा दिवा ठेवायची पद्धत आहे. तुमच्याकडे आत्ता तो कोन १६ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे प्रकाश भिंतीला घासत खाली येतो. ट्रॅक १.२ मीटरवर नेला की कोन तिशीला पोचतो आणि त्याच खोल फ्रेमची सावली ८ सेंमीवर येते. पूर्ण जात नाही, हे आधीच सांगते. मग आणखी लांब का न्यायचा नाही? कारण दिवा फार मागे गेला की जवळ जाऊन बघणाऱ्याची स्वतःची सावली चित्राच्या खालच्या भागावर पडायला लागते.

कुणीतरी तुम्हाला दिवे चित्रासमोरून थोडे डावी-उजवीकडे सरकवायला सांगेल. त्याने पट्टीची लांबी कमी होत नाही. सावली किती खाली उतरणार हे दिवा भिंतीपासून किती पुढे आणि कडेपासून किती वर आहे यावर ठरतं, बाजूला किती आहे यावर नाही. छतातल्या डक्टमुळे ट्रॅक हलवणं शक्यच नसेल, तर फ्रेमवाल्याकडून चित्र फ्रेमच्या आत पुढे सरकवून घ्या. कड २ सेंमीच उरली तर सावली सहा सेंमीच्या आसपास राहील.

एक गोष्ट मात्र ट्रॅक हलवल्यावर नक्की करा. दिवा लांब नेल्यावर चित्रावर प्रकाश कमी पडेल असं वाटतं, पण इथे उलट होतं. अंतर थोडंसंच वाढतं, आणि प्रकाश घासून न येता जास्त समोरून पडतो. माझ्या हिशेबाने चित्राच्या मध्यावर तो जवळपास दीडपट होईल. तैलचित्रांना त्याने फारसं बिघडत नाही. पण तुमच्या डाव्या भिंतीवर जलरंगातली कागदावरची कामं आहेत, आणि तशा कामांवर पडणाऱ्या प्रकाशासाठी ५० लक्सची मर्यादा पाळली जाते. म्हणून जागा बदलल्यावर लक्समीटर चित्राच्या पृष्ठभागाशी धरून मोजा आणि डिमर त्याप्रमाणे खाली आणा.

आता भिंती. इथे कृपया रंगाऱ्याला लगेच बोलावू नका. रंगाचा कोड आम्ही दिला तोच आहे, आणि माझ्या मते तो बरोबरही आहे. एक साधा कोरा पांढरा कागद घ्या, दिवे लावून तो आधी भिंतीच्या वरच्या भागाशी धरा, मग जमिनीजवळ. खाली कागदसुद्धा पिवळट दिसला, तर दोष रंगात नाही. तो तुमच्या पॉलिश केलेल्या तपकिरी लाकडी जमिनीवरून उसळून वर येणारा प्रकाश आहे. फिकट राखाडी भिंत असला उसना रंग फार पटकन घेते. आमच्या रेंडरमध्येही तो होता, पण शेवटी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रेंडरमधला रंगांचा समतोल, हलवून आम्ही भिंत तटस्थ करून टाकली. प्रत्यक्षात डोळा तेवढं करू शकत नाही, कारण वरची भिंत आणि खालची भिंत त्याला एकाच वेळी दिसत असतात. कागद वर-खाली सारखाच पांढरा दिसला आणि भिंत तरीही पिवळी असेल, तर मात्र रंगाचा नमुना आम्ही स्वतः येऊन तपासू.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते. कुणीही दालनाचं रेंडर दाखवलं, अगदी आम्हीसुद्धा, तर आधी फ्रेमच्या वरच्या कडेखाली बघा. प्रकाश वरच्या ट्रॅकवरून येत असेल तर तिथे सावली असायलाच हवी, आणि फ्रेमच्या खाली भिंतीवरही. दोन्ही नसतील तर बहुधा कुठेतरी लपवलेला दिवा आहे. तो कशासाठी लावला, हे विचारा.

मॅडम, त्या रेंडरचे पैसे आम्ही परत करतो आहोत. त्याशिवाय दोन नवी रेंडर विनामूल्य पाठवतो, एक ट्रॅक १.२ मीटरवर धरून आणि दुसरं आहे त्याच जागी, चित्रं फ्रेममध्ये पुढे घेऊन. दोन्हींत लपवलेला दिवा नसेल, फ्रेम तुमच्या मापाच्या असतील आणि दिव्यांसाठी तुमच्या फिटिंगच्या कंपनीचीच आयईएस फाइल, म्हणजे त्या दिव्याचा प्रकाश कसा पसरतो याची नोंद, वापरू. त्यासाठी मला फिटिंगचा मॉडेल नंबर आणि डक्ट नेमका कुठून जातो त्याचा एक फोटो हवा आहे. तो मिळेपर्यंत ट्रॅकसाठी छताला नवीन भोकं पाडू नका.