तात्यांचा अंगठा

"ह्याचं मशीन दुधाबरोबर शेणबी वडतंय!" असं काल सकाळी आमच्या भावकीतल्या तात्यांनी दूध संस्थेच्या लाईनीत जाहीर केलं, आणि आज मी किटली घेऊन गेलो तर पुढच्या पोराने माझ्याकडे बघून नाक दाबलं. दूध चांगलं होतं, फॅट चांगली लागली, तरी नाक दाबलं. आता हा किस्सा पुढच्या म्हाईपर्यंत चालणार, म्हणून खरं काय झालं ते लिहून टाकतो.

दहा गायी, धार काढायचं बादलीचं छोटं मशीन, एकच क्लस्टर, म्हणजे सडांना लावायच्या चार कपांचा जुडगा. तात्या रोज धारेच्या वेळेला गोठ्यात येतात. चहाला येतात असं आमच्या घरच्यांचं मत, पण आल्या आल्या नजर जाते ती व्हॅक्यूमच्या काट्यावर. काटा ५० किलोपास्कलवर, म्हणजे पाऱ्याच्या हिशोबात ३७५ मिलीमीटरच्या आसपास. तात्यांना हे कायम कमी वाटतं.

"आरं, वाढीव की काटा. पन्नासवर काय डोंबल निघतंय दूध? माझ्या विहिरीवर पाच एचपीची मोटर हाय, पाणी कसं दणादण येतंय."

"तात्या, गाय म्हणजे विहीर न्हवं."

"तत्त्व तेच की लेका! वढलं की येतंय."

तत्त्व तेच नाही हो. व्हॅक्यूम वाढवला की सुरुवातीला धार जोरात दिसते, पण कप सडावर वर वर चढत जातो, सडाच्या मुळाशी दाबून बसतो आणि कासेतलं शेवटचं दूध आतच अडकतं. महिनाभर असं चाललं की सडाचं टोक खरबरीत होतं, आणि मग दगडी, म्हणजे कासेची सूज, व्हायला वेळ लागत नाही. हे सगळं मी तात्यांना सांगितलंय. ते ऐकतात, मान हलवतात आणि परत काट्याकडे बघतात.

काल तिसऱ्या गायीला, गौरीला, क्लस्टर लावला आणि तात्या सुरू झाले. विषय उसाची बिलं, मग जावयाची नोकरी, मग परत उसाची बिलं. आवाज असा की बांधावरच्या माणसाला वाटावं सभा भरलीय. आता पल्सेटर चालू असला की टिक-टिक ऐकू येते, मिनिटाला साठच्या आसपास, आणि माझे कान नेहमी त्या टिकटिकीवर असतात. काल ती टिकटिक थांबली, पण जावयापुढं ऐकू कोणाला येणार! काटा मात्र शांतपणे ५० वर. हीच ह्या मशीनची लबाडी आहे, पंप ठीक असला की काटा सगळं ठीकच दाखवतो, पल्सेटर मेलाय हे काट्याला कळत नाही.

पल्सेटरचं काम एवढंच की कपाच्या आतल्या रबराला, म्हणजे लायनरला, उघडायचं आणि मिटायचं. उघडलं की दूध येतं, मिटलं की सड चोळला जातो आणि रक्त परत फिरतं, वासरू जसं ओढतं आणि सोडतं तसं. आमच्याकडचा पल्सेटर दोन-दोन सडांना आळीपाळीने चालवतो. तो मधेच अडकला, त्यामुळं पुढचे दोन कप कायमचे उघडे, नुसतं ओढणं चालू, आणि मागचे दोन कायमचे मिटलेले, दुधाचा थेंब नाही. गौरीने थोडा वेळ शेपटी हाणली, पाय बदलले, आणि मग अशी लाथ घातली की क्लस्टर थेट शेणात. पंप चालूच, मी कॉक बंद करेपर्यंत एका कपाने शेणाचा घोट घेतला आणि बादलीतलं तीन गायींचं दूध गेलं. पुढचे सड निळसर, मुळाशी गोल वळ, मागच्या सडांत दूध तसंच भरलेलं. मागच्यांची धार हाताने काढावी लागली. आणि तात्या काय म्हणाले? "बघ, वढ कमी पडली म्हणून घसरला."

माझं डोकं फिरलं. "तात्या, अंगठा घाला ह्यात," म्हणालो. उघड्याच अडकलेल्या कपात त्यांचा अंगठा घातला आणि कॉक उघडला.

पहिल्यांदा हसले. "गुदगुल्या होत्यात." थोड्या वेळाने हसू गेलं. "जरा घट्ट लागतंय." मग, "आरं, ठोके पडत्यात अंगठ्यात." मग, "काढ रं, काढ!" आणि काढायला सांगून स्वतःच ओढायला लागले. पंप चालू असताना कप कधी ओढायचा नसतो, आधी कॉक बंद करायचा, मग कप आपसूक सुटतो. गायीलासुद्धा तसंच. पण तात्या ओढतायत, पायाने गव्हाणीला रेटा देऊन ओढतायत, क्लस्टरबरोबर मीही ओढला जातोय, आणि गौरी हे सगळं रवंथ करत बघतेय. कॉक बंद केला तेव्हा अंगठा जांभळा, टोक फुगलेलं.

"हेच सडाला होतंय," मी म्हणालो. "आता चालू पल्सेटरवर घाला, मग कळेल."

"मी काय गाय हाय?" म्हणून ते उठले ते थेट संस्थेत.

पल्सेटर उघडला तर हवेच्या बारीक भोकात कडबाकुट्टीचा भुसा. कुट्टीयंत्र गोठ्यातच, भुसा उडणारच. कोरड्या ब्रशने साफ केला, परत टिकटिक सुरू. मग चालू कपात स्वतःचा अंगठा घालून बघितला, सेकंदाला एकदा दाबतोय आणि सोडतोय. ही तपासणी फुकट आहे, पण मशीन विकणाऱ्याने ती सांगितली नव्हती. त्याने फक्त बादलीच्या स्टीलची चकाकी दाखवली. लायनर २५०० धारांना बदलायचे हेही त्याने सांगितलं नाही. दहा गायी दोन वेळा म्हणजे दिवसाला वीस धारा, एकाच क्लस्टरवर चारच महिने पुरतात. दुकानात मागायला गेलं की "फाटलंय का अजून? मग कशाला?" आणि वर लायनर सुटा मिळत नाही, चारांचा सेट घ्या. दुधाला दर देताना मात्र ह्याच लोकांना लिटरचा दशांश दिसतो.

बरं, शेण ओढलेला क्लस्टर धुवायचा तरी शांतपणे? तात्या परत हजर, अंगठ्याला हळद. "उकळतं पाणी वत, सगळं मरतंय." उकळतं पाणी पहिल्यांदा ओतलं की दुधातलं प्रोटीन शिजून रबराला चिकटतं, मग बसा घासत. आधी कोमट, हाताला सोसेल असं, पंपानेच बादलीतून ओढून घ्यायचं, आणि कप पाण्यातून मधेमधे वर उचलायचे म्हणजे हवेचा गचका बसून नळी आतून घासली जाते. त्यानंतर ६०-७० अंशाचं पाणी आणि मशीनची पावडर, आणि ते थंड व्हायच्या आत काढून टाकायचं, नाहीतर सुटलेली चिकट परत बसते. मग साधं पाणी, मग उलटं टांगून सुकवायचं. आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यामुळं आठवड्यातून एकदा ॲसिडचं धुणं, नाहीतर आत पांढरा थर धरतो आणि संध्याकाळच्या दुधाला वास येतो.

तात्या सगळं बघत बसले. चहा झाला. मग हळूच विचारलं, "केवढ्याला पडलं रं हे? माझ्या दोन म्हशींना चालंल का?"

"चालेल की. पण म्हशीचा सड घट्ट, तिला व्हॅक्यूम गायीपेक्षा जरा जास्त लागतो."

तात्या उठून उभे राहिले. जांभळा अंगठा काट्याकडे रोखला आणि गोठा दणाणून म्हणाले, "मग मी इतके दिस काय सांगत हुतो?"