बैलाची बेल

पोळ्याच्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर जो अपमान झाला, त्याचे पन्नास रुपये अजून मला परत मिळालेले नाहीत, हे आधीच नोंदवून ठेवतो. वरूडजवळच्या एका गावात माझे झेरॉक्स, फ्लेक्स आणि ऑनलाइन अर्जांचे छोटे दुकान आहे. तिथूनच मी एका कृषी केंद्राच्या पोस्ट दीडशे रुपयांना एक या दराने टाकतो. केंद्राचे बरेचसे गिऱ्हाईक सीमेपलीकडच्या मुलताई आणि पांढुर्ण्याकडून येते, म्हणून मालकांना हिंदी हवी असते. शहरातल्या ज्या पोराकडे त्यांनी जाहिरातीचे काम सोपवले आहे, त्याला मात्र हिंदीसुद्धा इंग्रजी अक्षरांत हवी असते. त्याने पाठवलेला मजकूर मी जसाच्या तसा टाकला:

Pola ki shubhkamnayein! Aapke bail ko mile nayi taakat.

हे वाक्य जगासमोर गेले तेव्हा सातबाराची झेरॉक्स काढायला आलेले एक काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. काकांना इंग्रजी येत नाही, पण बांधाच्या भांडणात त्यांनी कोर्टाच्या इतक्या फेऱ्या मारल्या आहेत, की चार अक्षरांचा एक शब्द त्यांना लांबूनही ओळखू येतो.

‘‘काहो भाऊ, कोणाची बेल झाली?’’ त्यांनी विचारले.

‘‘काका, ते बैल आहे.’’

‘‘बैल कायले? माया कागदावर ह्याच स्पेलिंगची बेल होती. बी, ए, आय, एल. वकिलानं तीन हजार घेतले होते तिचे.’’

मी समजावले, की हा शब्द हिंदी आहे, फक्त लिहिला इंग्रजी अक्षरांत आहे. काकांनी चष्मा वर सरकवला, वाक्य पुन्हा एकदा वाचले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. ‘‘म्हंजे बैलाले बेल भेटली. अन् त्यानं केलं काय होतं? कोणाच्या वावरात घुसला असंन. पन आमच्या टायमाले असा बैल कोंडवाड्यात टाकत, दंड भरला का सोडत. आता त्याले बी कोर्टात नेतेत काय? जामीनदार कोण हाय मंग?’’ तोवर दुकानात आणखी तिघे जमले होते आणि जामीनदार बैलजोडीतला दुसरा बैलच असणार, यावर त्यांचे एकमत झाले.

एवढ्यावर भागले असते तर मीही हसलो असतो. पण मालकांचे साळे त्याच आठवड्यात एका हाणामारीच्या प्रकरणात आत होते आणि जामिनाची तारीख लागायची होती. पोस्टखाली लोकांनी साळ्यांचे अभिनंदन सुरू केले. मालकांचा फोन आला, शहरातल्या पोराने ‘टायपिंगची चूक’ असे सांगून हात झटकले, आणि माझ्या दीडशेचे शंभर झाले. ज्याने लिहिले त्याला पूर्ण मोबदला आणि ज्याने चिकटवले त्याला दंड, हा न्याय मला कोंडवाड्याच्याही खालचा वाटतो.

दुपारी फोनवर आम्ही तिघे नियम ठरवायला बसलो. काका बसूनच होते. त्यांच्या मते ही सुनावणी होती. पोराचा पहिला उपाय स्पेलिंग बदलण्याचा होता. त्याने bael सुचवले. ते बेलफळाचे इंग्रजी नाव आहे, हे मी सांगताच काका म्हणाले, ‘‘हे बी बेलच. पयले कोर्टातली, आता महादेवाची.’’ नंतर bayl आले, पण तसे कोणीच लिहीत नाही आणि शोधतही नाही, म्हणून तेही गेले. तेव्हा मी सुचवले, की रोमन अक्षरांत लिहिल्यावर जो हिंदी शब्द हुबेहूब इंग्रजी शब्द दिसतो, तो देवनागरीतच लिहायचा. पोराला हे दोन-चार शब्दांचे काम वाटले. मी त्याच्याच जुन्या पोस्टमधून यादी वाचून दाखवली: ‘इस’चा is, ‘थे’चा the, ‘उसे’चा use, ‘लोग’चा log, ‘तो’चा to. वाचणाऱ्याचा डोळा आधी इंग्रजी शब्द उचलतो, पुढे अडखळतो, मग मागे येऊन हिंदी लावतो, आणि खताच्या जाहिरातीसाठी कोणताही शेतकरी दोनदा मागे येत नाही. शिवाय दा आणि डा यांना रोमनमध्ये एकच da असल्यामुळे khet mein dal dein या वाक्यात शेतात खत टाकायचे आहे की वरण, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

मग संपूर्ण हिंदी देवनागरीत आणि फक्त इंग्रजी शब्द रोमनमध्ये, असे पोराने नाक मुरडत कबूल केले. खरा वाद तिथून पुढे लागला, कारण त्याला offer, best, quality, farmer हे सगळे रोमनमध्येच हवे होते. त्याने म्हणे पोस्ट तरुण दिसते. माझे म्हणणे असे, की गिऱ्हाइकाला जो शब्द पोत्यावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर डोळ्यांनी जुळवून पाहायचा आहे, किंवा स्वतः टाइप करायचा आहे, तेवढाच रोमनमध्ये ठेवावा. पोत्यावर DAP छापलेले असते आणि विद्राव्य खताच्या पिशवीवर 19:19:19 असते, तर पोस्टमध्येही ते तसेच दिसले पाहिजे. माणूस फोन समोर धरून पिशवी ताडून पाहतो, हे मी काउंटरवर पाहिले आहे. OTP तसाच, फोन नंबरचे आकडेही तसेच. ‘ऑफर’ आणि ‘क्वालिटी’ मात्र त्याला कुठेच जुळवायची नसते, ती फक्त कानाने ओळखीची असते, म्हणून ती देवनागरीत. हिंदीत हे सोपे जाते, कारण ‘DAP का’ लिहिताना ‘का’ वेगळा बसतो. मराठीत ‘DAPचा’ असे शेपूट चिकटते आणि शब्द अर्धा विलायती, अर्धा वऱ्हाडी दिसतो, म्हणून मराठी पोस्टसाठी मी सरळ ‘डीएपीचा’ ठरवून टाकले. ‘कल’ला तर कोणतीच लिपी वाचवू शकत नाही, कारण हिंदीत तो कालही आहे आणि उद्याही. तिथे तारीख घालायची.

मालकांनी सगळे मान्य केले. एकाच मुद्द्यावर पोरगा हटेना: सणाचे नाव हॅशटॅगमध्ये असते, हॅशटॅग लोक टाइप करतात, म्हणजे माझ्याच नियमाने ते रोमनमध्ये राहिले पाहिजे. माझाच नियम माझ्यावर उलटल्यामुळे मी गप्प बसलो. मी नियमांचा कागद छापून भिंतीवर चिकटवला. काकांनी तो पूर्ण वाचला, झेरॉक्सचे दोन रुपये ‘पुढच्या खेपेले’ सांगितले आणि ते बैल सजवायला गेले.

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान पोरे लाकडी बैल घेऊन निघाली आणि मी नियमांबरहुकूम पोस्ट टाकली: हिंदी देवनागरीत, बैल बैलासारखा, आणि शेवटी हॅशटॅग #TanhaPola. दहा मिनिटांत मुलताईच्या एका व्यापाऱ्याचा प्रश्न आला, ‘‘क्यों सेठजी, तन्हा क्यों? सालेसाहब अभी छूटे नहीं क्या?’’