रात्रपाळी, साडेतीन तास आणि ओव्हरटाइम : एका प्रतिक्रियेला उत्तर

> तुमचा टाइमशीटचा तक्ता आमच्या वर्कशॉपात महिनाभर वापरला. रात्रपाळीला नुसतं ##### येतं. तुम्ही खाली कोणाला तरी सुचवलेलं MOD चं सूत्र टाकलं, तर जाताना पंच करायला विसरलेल्या माणसाचे १५ तास लागले. एका टर्नरची आठवड्याची बेरीज 3:30 आणि ओव्हरटाइम साडेपाच तास! पगाराच्या दिवशी बाचाबाची झाली. न तपासता असलं काही लोकांच्या हाती देऊ नये. आमचं हजेरीपुस्तकच बरं होतं.

नमस्कार,

तुमचं म्हणणं मान्य आहे. तो तक्ता मी एकाच पाळीच्या कामासाठी बनवला होता आणि तसं लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. ओव्हरटाइमचं सूत्र तर दिवसपाळीसाठीही चुकलेलं होतं. माणसांच्या मजुरीचा प्रश्न आहे, त्यामुळे नुसती माफी मागून थांबत नाही. काय चुकत होतं ते एकेक करून सांगतो, म्हणजे नवा तक्ता तुम्हाला स्वतः पडताळता येईल.

आधी रात्रपाळी. एक्सेलला "रात्री दहा" म्हणजे दिवसाचा 0.9167 भाग आणि "सकाळी साडेसहा" म्हणजे 0.2708 भाग. एक पूर्ण दिवस म्हणजे 1. जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली की रात्रपाळीला उत्तर उणे येतं, आणि उणे वेळ एक्सेलला दाखवता येत नाही म्हणून ते चौकटीत ##### भरतं. खरा धोका पुढेच आहे. चौकटीत आकडा दिसत नसला तरी आत तो असतोच आणि बेरजेत धरला जातो. दहा ते साडेसहा, अर्धा तास जेवणाची सुट्टी, असं काम केलेल्या माणसाचे आठ तास जमा व्हायच्या ऐवजी सोळा तास वजा होतात.

`MOD(C2-B2,1)` लिहिलं की उणे उत्तरात एक दिवस मिळवला जातो आणि साडेआठ तास बरोबर येतात. पण हा उपाय मी अर्धवट सांगितला होता. रिकामी चौकट एक्सेल शून्य धरतं, आणि शून्य म्हणजे मध्यरात्र. सकाळी साडेआठला आलेला माणूस जाताना पंच करायला विसरला, की तक्त्याच्या मते तो रात्री बाराला गेला. साडेपंधरा तास, त्यातून जेवणाचा अर्धा तास वजा, बाकी पंधरा. वर दिवसाच्या नऊ तासांपलीकडचे सहा तास ओव्हरटाइम म्हणून दुप्पट दराने. MOD नसतं तर तिथे ##### तरी दिसलं असतं. MOD मुळे ती चूक खऱ्या आकड्यासारखी दिसायला लागली, आणि अशी चूक डोळ्यांना सापडत नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण आणखी एक गोष्ट तुमच्याकडे होत असणार, कारण आपण सगळे वेळ टिंब देऊन लिहितो. कोणी `9:30` ऐवजी `9.30` टाइप केलं तर एक्सेल ते साडेनऊ वाजले असं समजत नाही, सरळ 9.3 ही संख्या, म्हणजे 9.3 दिवस धरतं, आणि वेळेच्या चौकटीत वरच्या 0.3 दिवसाचं `07:12` दिसतं. येताना `9.30` आणि जाताना `18.30` असं दोन्हीकडे टिंब पडलं, तर फरक बरोबर 9 दिवस येतो, MOD पूर्ण दिवस गाळून त्याचं शून्य करतं आणि दिवसभर राबलेल्या माणसाचे तास शून्य. कुठल्याही ओळीत तुम्ही न टाकलेलं `07:12` दिसलं, तर आधी टिंब शोधा.

म्हणून नव्या तक्त्यात तासांचं सूत्र आधी वेळा तपासतं आणि मगच मोजतं. B मध्ये येण्याची वेळ, C मध्ये जाण्याची, D मध्ये जेवणाची सुट्टी मिनिटांत, E मध्ये तास:

```
=IF(COUNTA(B2:C2)=0,"",IF(OR(COUNT(B2:C2)<2,B2>=1,C2>=1),"तपासा",ROUND(MOD(C2-B2,1)*1440-D2,0)/1440))
```

दोन्ही चौकटी रिकाम्या असतील तर गैरहजर. एकच पंच असेल, टिंब पडलं असेल किंवा वेळ अक्षरं म्हणून बसली असेल, तर "तपासा". 1440 म्हणजे दिवसाची मिनिटं. ROUND मुळे हिशोब पूर्ण मिनिटांत राहतो. D चा आकडा मात्र कोणी कामाच्या गडबडीत जेवायला सुटला नसेल तर शून्य करा. सुट्टी मिळालीच नाही तर ती कापायची कशी?

तुमच्या मशीनमधून तारीख आणि वेळ एकाच चौकटीत येत असेल, तर हे सूत्र सगळीकडे "तपासा" म्हणेल. तिथे MOD लागत नाही, सरळ वजाबाकी करा.

आता तुमचा टर्नर. रोजचे आकडे तुम्ही दिले नाहीत, म्हणून त्याच बेरजेचा एक आठवडा मांडतो. रोज जेवणाचा अर्धा तास वजा केलेला आहे, रविवारी सुट्टी.

| वार | आले | गेले | तास |
|---|---|---|---|
| सोम | ८:०० | १७:३० | ९:०० |
| मंगळ | ८:०० | १९:३० | ११:०० |
| बुध | ८:०० | १७:०० | ८:३० |
| गुरु | २२:०० | ६:३० | ८:०० |
| शुक्र | २२:०० | ६:३० | ८:०० |
| शनि | २२:०० | ५:३० | ७:०० |

बेरीज ५१ तास ३० मिनिटं. साध्या `h:mm` मांडणीत घड्याळ चोवीसला पुन्हा शून्यावर येतं, म्हणून दोन पूर्ण दिवस गळून फक्त `3:30` दिसलं. आत आकडा बरोबरच होता. बेरजेच्या चौकटीवर `Ctrl+1` दाबून Custom मध्ये `[h]:mm` लिहा. गुगल शीट्समध्ये Format, Number, Duration. त्या चौकोनी कंसामुळे तास चोवीसच्या पुढे मोजले जातात.

इथे एक योगायोग आहे आणि तो फसवा आहे. आठवड्याची मर्यादा ४८ तास, म्हणजे नेमके दोन दिवस. त्यामुळे ४८ च्या वर काम झालं की चुकीच्या मांडणीतली बेरीज हीच मर्यादेवरचे तास दाखवते. लोक ती ओव्हरटाइम समजून हिशोब करतात आणि बरेच आठवडे तो जुळतोही. मग एखादा माणूस एक दिवस येत नाही, त्याचे ४४ तास ३० मिनिटं भरतात आणि चौकटीत `20:30` येतं. तेव्हा कुठे कळतं.

साडेपाच तास ही मात्र सरळ माझी चूक. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं, तर त्या जादा तासांना दुप्पट दर होता. मी रोजचे जादा तास आणि आठवड्याचे जादा तास दोन्ही एकत्र मिळवत होतो. या आठवड्यात मंगळवारचे दोन तास नऊच्या वर आहेत, आणि आठवड्याचे साडेतीन तास ४८ च्या वर. पण मंगळवारचे ते दोन तास साडेतीनात आधीच मोजलेले आहेत. एकच तास दोनदा धरता येत नाही, म्हणून दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो घ्यायचा: साडेतीन तास.

```
F2:  =IF(ISNUMBER(E2),MAX(0,E2-$J$1),0)
E9:  =IF(COUNTIF(E2:E8,"तपासा")>0,"अपूर्ण",SUM(E2:E8))
F9:  =IF(ISNUMBER(E9),MAX(SUM(F2:F8),E9-$J$2),"अपूर्ण")
```

ओळी २ ते ८ म्हणजे रविवार ते शनिवार. J1 मध्ये `9:00` आणि J2 मध्ये `48:00` टाइप करा. एक जरी ओळ "तपासा" असेल तरी बेरीज येणार नाही. हे मी मुद्दाम केलं आहे; अर्धवट बेरजेवर पगार निघू नये.

हाच माणूस शनिवारी आला नाही असं धरा. तास ४४:३०, ओव्हरटाइम दोन तास. "४८ भरलेच नाहीत तर ओव्हरटाइम कसला?" असं सुपरवायझर हमखास म्हणतात, पण कायद्यात "किंवा" आहे. मंगळवारी अकरा तास उभं राहिलेल्या माणसाचे दोन तास शनिवारच्या गैरहजेरीने पुसले जात नाहीत.

मर्यादा J मध्ये वेगळ्या ठेवल्या, त्यालाही कारण आहे. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत दिवसाचे तास ८ आहेत, आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये फॅक्टरी कायद्याच्या जागी लागू झाली. J1 मध्ये `8:00` केलं की याच आठवड्यात सोमवारचा एक, मंगळवारचे तीन आणि बुधवारचा अर्धा मिळून साडेचार तास होतात, ते साडेतीनपेक्षा जास्त, म्हणून ओव्हरटाइम साडेचार तास. राज्याचे नियमही बदलत असतात, तेव्हा तुमच्या युनिटला आज कोणता आकडा लागतो हे तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून लेखी घ्या आणि फक्त तेवढी चौकट बदला.

शनिवारच्या रात्रपाळीचा रविवारी पहाटेपर्यंतचा भाग कुठल्या आठवड्यात धरायचा, यावरूनही वाद होतात. फॅक्टरी कायद्यात आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू व्हायचा, पण त्याचं कलम ५७ म्हणायचं की मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवशी मोजायचे. म्हणून पूर्ण पाळी शनिवारच्याच ओळीत, आणि साप्ताहिक सुट्टीचे चोवीस तास त्याची पाळी संपल्यापासून. रविवारी सकाळी साडेपाचला सुटलेल्या माणसाला रविवारीच रात्री दहाला बोलावलं, तर त्याची सुट्टी पूर्ण झालेली नाही.

पैशांत आणताना F9 ला 24 ने गुणायला विसरू नका, कारण आतला आकडा दिवसांत आहे. तासाला ९० रुपये दर धरला तर `=F9*24*90*2` चे ६३० रुपये येतात. 24 राहिलं तर येतात २६ रुपये २५ पैसे.

हजेरीपुस्तक अजून बंद करू नका. पुढचे दोन आठवडे दोन्ही चालू ठेवा आणि रात्रपाळीच्या ओळी बोटाने मोजून ताडून बघा. दहा ते साडेसहा म्हणजे किती, हे लिहिणाऱ्या माणसाला न सांगता कळतं. तक्त्याला सांगावं लागतं, आणि ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

मागच्या महिन्याचे चारही आठवडे नव्या सूत्रांनी पुन्हा काढा. टर्नरला दोन तास जास्त गेलेत. पण MOD टाकायच्या आधीचे जे दिवस होते, त्यांत रात्रपाळीवाल्यांचे तास वजा झालेले असणार, म्हणजे त्यांना कमी गेलेत. आधी त्यांचे पैसे द्या. जुनी फाइल मी काढून टाकली आहे, तिच्या जागी नवी ठेवली आहे. एखादी ओळ जुळली नाही तर आले, गेले आणि सुट्टी हे तीन आकडे इथेच लिहा, मी त्याच दिवशी बघतो.