कॅमेरा वहीवर लावा, नाहीतर येऊच नका

गूगल मीटवरच्या आमच्या अभ्यासाच्या ग्रुपमध्ये काल पुन्हा तेच. ठरलेली वेळ रात्री ९. पुण्याची दोघं, नागपूरची एक आणि बडोद्याचा एक, सगळे ८:५८ ला हजर. आणि इंदूरचा गडी उगवला ९:२२ ला. कॅमेरा बंद आणि मागे सराफ्याच्या खाऊगल्लीचा कालवा. म्हणे, "सुरू करा, मी ऐकतोय." अरे, कॉस्टिंग ऐकून होतं का? भुट्ट्याचा कीस खायचा असेल तर खा ना, पण मग "आज येत नाही" एवढं तरी कळव!

गणित प्रोसेस कॉस्टिंगचं होतं आणि अगदी साधं. १०,००० नग आत गेले, ८,००० पूर्ण झाले, २,००० अर्धवट राहिले. अर्धवटात माल १०० टक्के पडलेला, मजुरी ५० टक्के. मालाचा खर्च १,००,००० आणि मजुरीचा ४५,०००. म्हणजे मालाचे समतुल्य नग १०,००० आणि मजुरीचे ९,०००. दर नगाला १० अधिक ५, पूर्ण मालाची किंमत १,२०,००० आणि अर्धवटाची २५,०००. चौघांचं उत्तर जुळलं. इंदूरवाल्याचं पूर्ण मालाचं उत्तर आलं १,२८,८८९. मग "तुझी पहिली पायरी वाच", "आता दुसरी वाच", "नाही, तिसऱ्या ओळीत काय आहे?" यात वीस मिनिटं गेली. शेवटी कळलं की मालाच्या रकान्यातही त्याने २,००० चे अर्धे करून १,००० लिहिले होते. मालाचे नग ९,००० झाले, दर ११.११ वर गेला आणि पुढचं सगळं घसरलं. वही समोर दिसत असती तर ही चूक पाच सेकंदांत सापडली असती. वाचून दाखवताना माणूस जे बरोबर वाटतं तेच वाचतो, जिथे चुकलाय ती ओळ त्याला स्वतःला दिसतच नाही.

म्हणून तर नियम केलाय की कॅमेरा तोंडावर नाही, वहीवर. तोंड बघून काय कळतं? मान खाली घातलेला माणूस गणित करतोय की रील बघतोय, काही सांगता येत नाही. हात आणि पेन दिसलं की पाच मिनिटं कोण अडकलंय तेही कळतं. आणि करायचं काय, तर फक्त चार जाड पुस्तकांची चळत लावायची, वरच्या पुस्तकाखालून पट्टी पुढे काढायची, फोन तिच्यावर मागचा कॅमेरा खाली वहीकडे येईल असा ठेवायचा आणि रबरबँडने बांधायचा. दिवा डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. फोन असा अडकला की हातात घेऊन चाळताही येत नाही. मला तर या नियमातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

"नेट स्लो आहे" हे कारण तर आता ऐकवत नाही. मीटमध्ये डेटा कमी वापरायची सेटिंग आहे, ती लावा. तरीही अडकत असेल तर बाकीच्यांचे व्हिडिओ बंद करून फक्त आपला चालू ठेवा. तेही जमत नसेल तर दर दहा मिनिटांनी पानाचा फोटो ग्रुपवर टाका. उपाय तीन आहेत आणि गेल्या महिन्याभरात त्यातला एकही कुणी केलेला नाही.

वेळेचंही तसंच. तिघं किंवा जास्त असलो की मीट फुकटात ६० मिनिटंच चालतं, झूम तर ४०. ५५ व्या मिनिटाला सूचना झळकते आणि तेव्हाच कुणाला तरी खरी शंका आठवते! म्हणून वाटणी ठरवली होती. पहिली ५ मिनिटं कोण कुठलं गणित करणार ते सांगायचं, २५ मिनिटं माइक बंद ठेवून सोडवायचं, २० मिनिटं वह्या बघायच्या, उरलेल्या १० मध्ये उद्याचं ठरवायचं. काल त्या २५ मध्ये नागपूरकडून कुकरच्या चार शिट्ट्या ऐकल्या आणि पुण्याकडून नव्या आर्टिकलशिपच्या स्टायपेंडची चर्चा. माइक बंद करायला एक टिचकी लागते, एक! स्टायपेंडचं बोलायचंच असेल तर ग्रुपवर एक ओळ लिहा आणि १० वाजल्यानंतर हवं तितकं बोला. मीटच्या चॅटमध्ये लिहू नका, मीटिंग संपली की ते जातं आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय पुन्हा मध्येच निघतो.

आज ९ लाच आहे. लिंकवरून येणाऱ्याला होस्टने आत घ्यावं लागतं अशी सेटिंग केली आहे आणि ९:०५ नंतर मी कुणालाही आत घेणार नाही. सराफा रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, १० नंतर जा. आज अ‍ॅबनॉर्मल लॉसचं गणित आहे, पट्टी आणि रबरबँड आत्ताच शोधून ठेवा.