चुण्या पडल्यात? इस्त्री आधी बाजूला ठेवा

“रिंग जेवढी टाइट तेवढं भरतकाम सपाट येतं. तरी चुण्या पडल्याच तर टेन्शन घेऊ नका, पाणी शिंपडून वरून फुल गरम इस्त्री दाबा, सगळं बसतं.”

भरतकामाच्या या सल्ल्यातलं रिंगचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ढिल्या रिंगमधे धागा जरा ओढला की कापड गोळा होतंच, त्यामुळे ताण हवाच. पण घोळ होतो तो स्क्रू पक्का आवळून झाल्यावर, आपण कडेकडेने कापड ओढत बसतो ना, तेव्हा. आणि ओढतो कुठे, तर हाताला सोपं पडतं तिथे, म्हणजे तिरकं. सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यात फारसं ताणत नाही पण उरेबमधे, म्हणजे तिरकं ओढलं की, मस्त लांबतं. त्या लांबलेल्या कापडावर तुम्ही फूल भरलंत, रिंग काढली, कापड परत आपल्या मापावर आलं आणि टाके मात्र तेवढेच राहिले, झाल्या फुलाभोवती लाटा. म्हणून स्क्रू अर्धवट असतानाच वर-खाली, मग डावी-उजवी असं समोरासमोर ओढून घ्या आणि नंतर आवळा. नीट लागलंय का ते वीण बघून कळतं, धागे रिंगजवळ कमानीसारखे वाकलेले दिसले तर काढून परत लावा. आणि काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, रात्रभर लावून ठेवली की गोल वळ पडतो.

आता धाग्याबद्दल त्या सल्ल्यात अवाक्षर नाही, आणि माझ्या हातून तरी जास्त वेळा तीच चूक होते. परवाचाच उशीचा अभ्रा सांगते. केंब्रिकवर कोपऱ्यात तीन पानं, दोन पदरी धाग्याने भरीव टाका, पान मधोमध दीड सेंमी रुंद. रिंगमधे होतं तोवर एकदम छान, काढल्यावर पानं आपली होडीसारखी आत वळलेली. कापड दोन्ही हातांनी उभ्या धाग्यात आणि मग आडव्या धाग्यात हलकं ओढून सोडलं, चुणी गेली आणि लगेच परत आली. कापडाचाच दोष असता तर ओढल्यावर थोडी तरी सैल पडली असती, ती लगेच परत येते म्हणजे धागा खेचतोय. उलटं करून बघितलं तर एका पानावरून दुसऱ्यावर मी तसाच धागा नेलेला, चार सेंमीची उडी, तारेसारखी ताठ. तो मधोमध कापला, दोन्ही टोकं सुईत ओवून आपापल्या पानाच्या टाक्यांखालून मागच्या बाजूने फिरवून पक्की केली. तेवढ्यानेच पानांमधली जागा मोकळी झाली.

पण पानं स्वतः आवळलेलीच होती. सुईच्या बोथट टोकाने एकेक टाका उचलून ढील पुढे सरकवता येते, शेवटचं टोक आधी सोडवलं तरच हं, नाहीतर ढील येणार कुठून. एक पान असं सुधारलं, एक सरळ उसवलं. एवढ्या रुंदीला एकाच लांब टाक्याने भरायचंच नव्हतं, दुसऱ्यांदा लांब-आखूड टाक्याने भरलं. धागा ओढताना तो कापडावर टेकला की हात थांबवायचा, ‘अजून जरा’ म्हणून खेचायचं नाही.

इस्त्रीचं मात्र साफ चूक आहे. आवळलेला धागा उष्णतेने लांब होत नाही, वरून दाबलंत तर चुणीचीच घडी पक्की बसते, शिवाय भरीव टाके चपटे होऊन चकाकतात आणि गाठीच्या टाक्यांचा तर भुगाच. आधी धागा सोडवायचा, मग ट्रेसिंगच्या खुणा गार पाण्यात धुवायच्या, कारण काही पेनांची शाई गरम झाली की कायमची बसते. लाल धागा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने टेकवून रंग सुटतो का बघा. पिळायचं नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबायचं.

मग जाड टर्किश टॉवेलची घडी, त्यावर भरतकामाची सुलटी बाजू खाली, आणि किंचित ओलं असतानाच मागून इस्त्री. फिरवायची नाही, ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. उठावदार टाके टॉवेलच्या लवेत बुडतात आणि भोवतीचं कापड तेवढं सपाट होतं. इस्त्रीची उष्णता नुसतं कापड बघून नाही, कापड आणि धाग्यात जे सगळ्यात नाजूक ते बघून ठरवायची: सुतीला जास्त चालते, रेयॉन किंवा जरी असेल तर कमी, आणि प्लॅस्टिकच्या टिकल्या असतील तर त्या जागी इस्त्री नकोच, वितळतात. झाल्यावर लगेच उचलू नका, तिथेच गार होऊ द्या.

माझी दोन पानं आता सपाट आहेत. तिसऱ्याला मी आळसाने हात लावला नव्हता, टॉवेलवर दोनदा इस्त्री करूनही त्याची कड अजून वर येते, बहुतेक या रविवारी तेही उसवायचंय.